कमळीचा एक किलो

तीन वर्षांपूर्वी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एका कथास्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. हातात दिलेल्या गुणपत्रिकेत चार रकाने होते आणि शेवटचा होता ‘सामाजिक संदेश : 20 गुण’. कथा 41 आल्या होत्या. निम्म्याहून जास्त शेतकरी आत्महत्येवर. कोरडी विहीर, लिंबाच्या फांदीला दोर, ओसरीत टाहो फोडणारी बायको, आणि शेवटच्या परिच्छेदात कुणीतरी उठून जगाच्या पोशिंद्याची व्यथा सांगणार. त्यातल्या एका कथेला मी संदेशाचे 18 गुण दिले. दोन महिन्यांनी कुणीतरी त्या कथेचा विषय काढला, तर मला तिच्यातल्या एकाही माणसाचं नाव आठवेना. संदेश मात्र पाठ होता, कारण तो कथा वाचायच्या आधीपासूनच पाठ होता.

तेव्हापासून माझं म्हणणं आहे की हा रकाना काढून टाका. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून तालुक्याच्या एकांकिकांपर्यंत ‘यातून संदेश काय मिळतो?’ हा प्रश्न आपण इतक्या सवयीनं विचारतो, की लिहिणारी पोरं आधी संदेश ठरवतात आणि मग त्याला टांगायला माणूस शोधतात. यानं कथा कंटाळवाणी होते, ही तक्रार जुनी आहे आणि तेवढ्यासाठी मी लेख लिहिला नसता. माझी तक्रार अशी की यानं कथा खोटी होते. ज्या गावाबद्दल कळवळा दाखवायचा, त्याच गावाबद्दल ती खोटं सांगते.

आत्महत्येचं प्रकरण तहसीलीत गेलं की त्यावर शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र. शेती होती का, कर्ज होतं का, ते फिटत नव्हतं म्हणून तगादा होता का, हे तपासतात. सगळं कागदावर जमलं तर 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणे घरच्यांना 1 लाख रुपये, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. जो मक्त्यानं दुसऱ्याचं वावर वाहत होता, त्याच्या नावाचा कागदच नसतो. मराठीत कथेतल्या माणसालाही पात्र म्हणतात हा योगायोग असेल, पण संदेशवाली कथा नेमकं तहसीलीतलंच काम करते. तिच्यातला शेतकरी दारूला शिवत नाही, पोरीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च करत नाही, भावाशी धुऱ्यावरून भांडत नाही, सावकारापुढे हात जोडतो आणि मुकाट मरतो. लेखक त्याला दयेसाठी पात्र करून ठेवतो. वाचणाऱ्यानं शंका काढू नये म्हणून त्याच्या अंगावरचं सगळं जगणं आधी धुऊन काढतो. मग जो पितो आणि तरीही कर्जानं मरतो, त्याचं काय? तो कथेतही अपात्रच.

आता हे निराळ्या रीतीनं कसं करता येतं, ते एका कथेवरूनच सांगतो, कारण नुसतं तत्त्व सांगून मीही प्रवचनच करीन.

मागच्या दिवाळीनंतर राळेगावकडचा एक पोरगा कथा घेऊन घरी आला. बी.ए.ला आहे, आई लोकांच्या वावरात मजुरीनं कापूस वेचते. कथा नेहमीचीच होती. शांताचा नवरा फवारणीचं औषध पिऊन मरतो. ती तहसीलीत खेटे घालते. व्यापारी तिला वजनात लुबाडतो. शेवटी ती व्यापाऱ्याच्या दारात उभी राहून पानभर बोलते. तोवर ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ म्हणणारी शांता त्या पानावर एकदम ‘मला’ म्हणू लागते आणि तिच्या तोंडी ‘शोषण’, ‘व्यवस्था’, ‘उदासीन शासन’ असे शब्द येतात. मी त्या ओळीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि विचारलं, “इथून कोण बोलतंय?” पोरगा हसला. म्हणाला, “मीच, सर.”

ही खूण आमच्याकडच्या लिहिणाऱ्यांना फार उपयोगी आहे. प्रवचन कुठं सुरू झालं हे शोधायला मोठी समीक्षा लागत नाही. पात्राची वऱ्हाडी जिथं सुटते, तिथं बहुतेक वेळा लेखक स्वतः मंचावर चढलेला असतो. अर्थात यावर उपाय म्हणून तेच भाषण वऱ्हाडीत करून टाकायचं नसतं. एकानं तेही केलेलं मी वाचलंय.

मग मी त्याला कथा बाजूला ठेवायला लावली आणि म्हटलं, “तुझी आई वेचायला जाते. तिथं भांडण कशावरून होतं?”

“वजनावरून.”

“का?”

यावर तो दहा मिनिटं न थांबता बोलला आणि त्यातलं एक अक्षर कथेत नव्हतं. वेचणीची मजुरी किलोवर असते. नोव्हेंबरात सकाळी पऱ्हाटीवर दव असतं. तेव्हा वेचलेला कापूस ओला, म्हणून जड. बाईला दोन पैसे जास्त पडतात. शिवाय सकाळी हात सरसर चालतो, दुपारी बोंडाची टोकं कडक होऊन बोटं टोचतात आणि वाळलेल्या पाल्याचा चुरा कापसाला चिकटतो, म्हणून बायांना लवकर सुरुवात करायची असते. मालकाला उलटं पडतं. तो मजुरी पाण्याच्या वजनाची देतो आणि विकतो तेव्हा कापूस वाळून हलका झालेला असतो. वाळला नसला तर घेणारा ओलाव्यावर बोट ठेवतो. सरकारी खरेदीत हमीभावाचा हिशेब 8 टक्के ओलाव्याला धरतात, त्याच्या वर 12 टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात, पुढे घेतच नाहीत. खेडा खरेदीवाल्याजवळ मोजायचं यंत्र नसतं. तो कापसात हात घालतो, मूठ दाबतो आणि ‘ओला हाय’ म्हणून क्विंटलमागे दोन किलो कडता कापतो. त्या दोन किलोंशी कुणी वाद घालत नाही, कारण त्याच्या खिशात नगद असते.

म्हणजे एकाच दवाचे तीन हिशेब. मी म्हटलं, तुझी कथा ही आहे.

शांता मालकीण झाली, ही गोष्ट पहिल्या कथेत होती, पण तिचा उपयोग नव्हता. नवरा असताना ती इतर बायांच्या ओळीत वेचायची. आता संध्याकाळी ताणकाटा तिच्या हातात येतो. कालपर्यंत जिच्या शेजारची ओळ धरून वेचलं, त्या कमळीचं गाठोडं आज तिनं मोजायचं. एवढं ठरल्याबरोबर मूळ विचारही बदलला. आधी तो ‘व्यापारी शेतकऱ्याला लुटतो’ असा होता, आणि त्यात कुणाला शोधण्यासारखं काही नव्हतं. आता तो प्रश्न झाला, की वरून आलेला तोटा माणूस खाली कुणावर ढकलतो आणि ढकलताना त्याला काय होतं? हा प्रश्न कथेत कुणी उच्चारायचा नाही, एवढी एकच अट मी घातली.

दुसरा खर्डा आठवड्यानं आला. त्यात काटा दोनदा येत होता. एकदा शांता सहा क्विंटल कापूस विकते तेव्हा, आणि एकदा ती बायांचं वेचलेलं मोजते तेव्हा. व्यापारी बारा किलो कापतो. 7 हजारांच्या भावानं 840 रुपये. शांता कमळीच्या गाठोड्यात हात घालते, काटा 34 दाखवतो आणि ती म्हणते, “तेहतीस लिव्ह.” किलोला दहा रुपये मजुरी, म्हणजे दहा रुपयांचा प्रश्न. आकडे मुद्दाम असे ठेवले. 840 पुढे 10 रुपये काहीच नाहीत आणि कमळीच्या दिवसात दहा रुपये आहेत.

पण पोरानं मजुरी आधी आणि विक्री नंतर ठेवली होती. शांता कमळीला कापते, दोन दिवसांनी व्यापारी शांताला कापतो. वाचताना मला वाटलं, हे तर ‘करावे तसे भरावे’. भाषण एकही नव्हतं, तरी कथा बोट दाखवत होती. प्रसंगांचा नुसता क्रमही प्रवचन करू शकतो, हे त्या दिवशी मलाही नव्यानं कळलं. क्रम उलटा केला. व्यापाऱ्यानं मूठ दाबून ‘ओला हाय’ म्हटलेलं वाचकानं आधी पाहिलं. मग चार पानांनी शांता कमळीच्या कापसात हात घालून मूठ दाबते तेव्हा तिनं तोंड उघडण्याआधीच वाचकाच्या पोटात काहीतरी होतं. तीच मूठ, तीच हालचाल. लेखकानं तिथं गप्प बसायचं.

गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं. पोरानं लिहिलं होतं, ‘शांताला वाटलं, व्यापारी आपल्याला कापतो तसंच आपण कमळीला कापतोय.’ वाक्य खरं आहे, वाईटही नाही, पण त्यानं वाचकाच्या हातातला घास काढून लेखकाच्या तोंडात घातला. शिवाय शांताला तेव्हा असं वाटेल का? माझ्या मते नाही. तिला वाटेल, कमळी मुद्दाम खालच्या ओल्या बाजूचं वेचते. माणूस खालच्याला कापतो तेव्हा त्याच्याजवळ कारण तयार असतं. ते कारण लिहिलं की शांता आणखी खरी झाली आणि विचार आणखी धारदार.

आणखी एक वाक्य काढायला लावलं आणि तेव्हा तो रुसला. वेचताना बाया कमरेला लुगड्याची ओटी बांधतात आणि कापूस तिच्यात टाकत जातात. विधवेची ओटी भरत नाहीत, हेही खरं. यावरून त्यानं लिहिलं होतं, ‘जिची ओटी आता कुणी भरणार नव्हतं, ती रोज स्वतःची ओटी पांढऱ्या सोन्यानं भरत होती.’ टाळ्यांचं वाक्य आहे. म्हणूनच काढलं. प्रतिमा स्वतःकडे बोट दाखवू लागली की तीही भाषणच करते, फक्त नटूनथटून. त्याच्या जागी आता एवढंच आहे, की रात्री शांता ओटीची गाठ सोडून ती दारात झटकते, चार-दोन सालपटं खाली पडतात आणि ती दार लावते. ज्याला ओटीचा दुसरा अर्थ माहीत आहे, त्याला तो ऐकू येईल. आमच्या भागातल्या बाईला तर नक्की येईल. ज्याला येणार नाही, त्याला ओटी झटकणारी थकलेली बाई तरी दिसेल. दोन्हीपैकी काहीही दिसलं तरी कथा अडत नाही, हीच चांगल्या प्रतिमेची परीक्षा. दोर आणि कोरडी विहीर या परीक्षेत नापास होतात, कारण त्यांचा अर्थ काढून घेतला की खाली वस्तू उरतच नाही. त्या विहिरीचं पाणी कधी आटलं, बोअर मारल्यावर की आधी, हेही लेखकाला माहीत नसतं.

आता शेवट. आधी त्यानं दोन शेवट आणले. एकात शांता धावत जाऊन कमळीला दहा रुपये परत देते आणि दोघी रडतात. दुसऱ्यात शांता व्यापाऱ्यासारखीच निर्ढावते. पहिल्यानं वाचकाला मोकळं केलं, दुसऱ्यानं शांताला खलनायिका केलं, आणि दोन्हींत लेखकानं निकाल दिला. मी विचारलं, “प्रामाणिक बाई, हातात पैसा नाही, पुन्हा कुणाला कापायचं नाही. मग ती काय करेल?” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दव उतरल्यावर बोलावेल.”

हाच शेवट राहिला. शांता त्या संध्याकाळी बायांना सांगते, “उद्यापासून दव उतरल्यावरच येजा, बायाहो. मंग वजनाची कटकटच नको.” किती न्यायाचं बोलणं. तिनं आता कुणाचंही कापलेलं नाही. पण नऊला सुरुवात म्हणजे दोन तास गेले, तेही हात चालायचे, गार वेळेचे. कमळीचा एक किलो नाही, पाच-सात किलो गेला. शांताला हे ठाऊक असणारच, तीही कालपर्यंत त्याच ओळीत होती. ती मनात काय म्हणते ते कथेत नाही. दुसऱ्या दिवशी ओळीत एक बाई कमी असते. ती कमळी.

निवडीतून विचार दिसणं म्हणजे मला हे म्हणायचंय. पात्रापुढे एक बरा आणि एक वाईट मार्ग ठेवून त्याला बरा निवडायला लावणं ही निवड नव्हे, ती परीक्षेतली रिकामी जागा आहे. दोन्हीकडे कुणाचं तरी नुकसान असलं पाहिजे आणि निवडणाऱ्याकडे कारण असलं पाहिजे. तेव्हा वाचकाला शांताच्या जागी उभं राहावं लागतं, नुसतं तिच्याबद्दल वाईट वाटून घेऊन चालत नाही.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, की सर, ही गाडगेबाबांची भूमी, तुकडोजी महाराजांची भूमी. लोकांना सरळ सांगणं ही आपली परंपरा आहे. घर जळतंय आणि तुम्ही प्रतिमा कसल्या घेऊन बसलाय? आक्षेप हलका नाही. 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. तेव्हा तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, हे भोंग्यावरून ओरडूनच सांगायला पाहिजे. तिथं कुणी सूचक कथा लिहीत बसला तर मीच त्याच्या हातातला कागद काढून घेईन. पत्रकाचं काम पत्रकानं करावं आणि नीट करावं.

पण गाडगेबाबांचं नाव घेणाऱ्यांनी त्यांची रीत पाहावी. ते गावात येत ते हातात खराटा घेऊन आणि आधी गाव झाडायला लागत. कीर्तन रात्री. दिवसभर लोकांनी त्यांना झाडताना पाहिलेलं असे. आणि कीर्तनातही उत्तरं वाटण्यापेक्षा ते समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. ‘स्वच्छता पाळा’ हे वाक्य खराट्याच्या नंतर आलं. आपल्या कथांमध्ये वाक्यच येतं, खराटा दिसत नाही.

पोळ्याच्या झडत्याही आठवा. बैल तोरणाखाली उभे असतात, एकेक जण पुढे येऊन झडती म्हणतो आणि शेवटी सगळे ‘हर हर महादेव’ म्हणतात. तिच्यात पुढाऱ्याला, सावकाराला, कधी तोरणाशी उभ्या पाटलालाही टोला असतो. पण तो बैलाच्या, झुलीच्या, चाऱ्याच्या नावानं मारलेला असतो. ज्याला लागायचा त्याला लागतो, आणि त्याला उठून भांडताही येत नाही, कारण बोलणं बैलाचं चाललेलं असतं. आमच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांना आडून बोललेलं कळत नाही, असं समजणाऱ्यानं एकदा पोळ्याला यावं.

झाडीपट्टीतली रात्रभर चालणारी नाटकं मी वडसा भागात पाहिलीत. नायक मध्येच थांबून प्रेक्षकांकडे वळतो, सणसणीत भाषण करतो आणि टाळ्या पडतात, हे खरं आहे. मीही वाजवल्या. टाळ्या सहमतीच्या असतात. जे आपल्याला आधीच पटलंय ते मोठ्या आवाजात ऐकायला कुणालाही आवडतं. माझा आक्षेप टाळ्यांना नाही. टाळ्या वाजवणाऱ्यात व्यापारीही असतो, शांताही असते आणि दोघांनाही वाटतं की हे दुसऱ्याबद्दल चाललंय. एवढंच.

सूचक लिहिण्याची एक किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. काही लोक चुकीचं वाचतात. पोराच्या मित्रानं कथा वाचून सांगितलं की शांता हलकट निघाली. दुसरा म्हणाला, कमळीच चोर, ओला कापूस वेचते. ज्या कथेत लेखक निकाल देत नाही, तिथं वाचक आपला निकाल घेऊन येतो, आणि त्यातून कधी कधी कथेपेक्षा वाचकच जास्त दिसतो. मला हा धोका परवडतो. ज्या पोराला स्पर्धेत बक्षीस हवंय, त्याला परवडेलच असं नाही.

त्यानं ती कथा एका स्पर्धेला पाठवली. कोणत्या ते सांगत नाही. परत आलेल्या कागदावर लाल शाईत शेरा होता, ‘भाषा चांगली. संदेश स्पष्ट होत नाही.’ पोरगा हिरमुसून माझ्याकडे आला. तो रकाना मीही एकेकाळी भरलेला, त्यामुळे मला फार काही बोलता आलं नाही.

त्याच्या आईला वाचता येत नाही. तिला त्यानं एका संध्याकाळी अंगणात कथा वाचून दाखवली. शेजारच्या दोन बायाही येऊन बसल्या होत्या. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. मग एक म्हणाली, नऊला बोलावणं काही वाईट नाही, ओल्या कापसानं हात गारठतात. दुसरी म्हणाली, तुले काय, तुह्या घरी नवऱ्याची नोकरी हाय. वाद वाढला. कुणाच्या वावरात किती वाजता बोलावतात आणि कोण किती कापतं, नावानिशी निघालं. पोराची आई मात्र पहिल्यापासून एकच विचारत होती, आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं, कारण ते त्यानं लिहिलंच नव्हतं.

“मंग कमळी त्या दिवशी कोनाच्या वावरात गेली?”